श्रावणातल्या उबेतही बाळ गार पडते

थंडी म्हटली की आपल्याला डिसेंबरची पहाट आठवते, शेकोटी आठवते. लातूरला काय किंवा आमच्या नांदेडला काय, श्रावणात कोणी थंडीने आजारी पडेल असे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्याही आले नव्हते. दोन वर्षांपूर्वी आम्ही लातूरला अक्कांकडे बाळ पाहायला गेलो आणि जे पाहिले, ते वाचक भगिनींना सांगावेसे वाटते.

अक्कांची सून दवाखान्यातून बाळंत होऊन आदल्या संध्याकाळी घरी आली होती. मुलगा तीन दिवसांचा, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. बाहेर पावसाची झड, घर पत्र्याचे, पण हवा काही गार नव्हती. आम्ही सदऱ्यावर बसलो होतो. खोलीत चोवीस-पंचवीस अंश असतील. सकाळी नऊच्या सुमारास अक्कांनी पाय पसरून बाळाला पायांवर घेतले, तेल चोळले, चांगल्या ऊन पाण्याने न्हाऊ घातले. मग पाणी टिपून सुती फडक्यात गुंडाळले. डोके ओलेच राहिले आणि वर पंखा चालू होता.

अर्ध्या तासाने बाळ छातीला लावले तर ओढेना. रडणेही बारीक, मांजराच्या पिलासारखे. चेहरा मात्र लाल दिसत होता. अक्का म्हणाल्या, "ताप आला गं बाई." घरातला पाऱ्याचा थर्मामीटर काढून काखेत लावला, तर शंभर! मग काय, फडके सोडले आणि ओल्या कपड्याने अंग पुसायला सुरुवात झाली. आम्हीही जवळच उभे होतो. आम्हाला काय कळत होते?

एवढ्यात वस्तीतल्या आशाताई आल्या. तिसऱ्या दिवशीची त्यांची भेट ठरलेलीच असते. त्यांनी आधी बाळाचे तळपाय हातात धरले, मग पोटावर हात ठेवला. दोन्ही गार! पिशवीतला डिजिटल थर्मामीटर काढून त्यांनी काख कोरडी केली, टोक काखेच्या मधोमध ठेवले आणि बाळाचा हात अंगाशी दाबून धरला. शिट्टी वाजली तेव्हा आकडा होता ९४.६. ताप तर नव्हताच, उलट बाळ गार पडले होते.

मग ते शंभर कुठून आले? दोन दिवसांपूर्वी आमच्या भाच्याला ताप होता. त्याचा आकडा पाऱ्यात तसाच राहिला होता. पाऱ्याचा थर्मामीटर वर चढतो, पण झटकल्याशिवाय खाली येत नाही. शिवाय बहुतेकांवरचे आकडे ९४ किंवा ९५ पासूनच सुरू होतात. म्हणजे झटकून लावला तरी फार गार पडलेल्या बाळाचा खरा आकडा तो दाखवूच शकत नाही. तो ताप पाहण्यासाठी केलेला आहे.

आता चोवीस अंशांत बाळ गार पडतेच कसे? आम्ही हिशेबातली माणसे, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. शरीर उष्णता तयार करते ती जमा, कातडीवाटे जाते तो खर्च. बाळाच्या एक किलो वजनामागे जेवढी कातडी असते, ती मोठ्या माणसापेक्षा जवळजवळ तिप्पट. खर्चाची दारे तिप्पट आणि तिजोरी लहान. जागतिक आरोग्य संघटनेने एक तुलना दिली आहे. तेवीस अंशांच्या खोलीतले उघडे नवजात बाळ जेवढी उष्णता गमावते, तेवढी मोठा माणूस शून्य अंशाला उघडा राहिला तर गमावतो. मोठ्यांना जी हवा सुखाची वाटते, तीच बाळाला बर्फासारखी लागते.

त्यात ओलेपणाची भर. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी अंगावर वाळायला जेवढी उष्णता लागते, ती सगळी दोन किलोच्या बाळाच्या अंगातूनच गेली आणि त्याने भर घातली नाही, तर त्याचे तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. ओल्या जावळात एवढे पाणी सहज राहते. पंख्याचा वारा ते वाळणे आणखी जलद करतो. न्हाणीतले पाणी कितीही ऊन असो, खरे नुकसान पाण्याबाहेर आल्यावर होते.

मोठा माणूस गार पडला की कुडकुडतो आणि त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेजवळ व पाठीत एक खास चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवते. कमी वजनाच्या बाळाजवळ ती थोडीच असते. ती जाळताना रक्तातली साखर आणि प्राणवायूही खर्च होतो. म्हणून बाळ मलूल होते, ओढत नाही. दूध पोटात गेले नाही की जमा आणखी घटते.

आकडे फार लक्षात ठेवायचे नाहीत. काखेतले ९७.७ ते ९९.५ म्हणजे ठीक. ९७.७ च्या खाली, पण ९६.८ च्या आत गेलेले नसेल तर गारठा सुरू झाला. त्या वेळी पाय गार आणि पोट गरम लागते. ९६.८ च्या खाली बाळ खरेच गार पडले, आणि ९५.९ च्या खाली आकडा आला तर दवाखाना गाठायचा, कारण आतला जंतुसंसर्गही कधी कधी ताप न येता असाच गारव्याने दिसतो. ८९.६ च्या खाली जीव धोक्यात. डिजिटल यंत्रावर आकड्याऐवजी Lo असे उमटले तर यंत्र बिघडले समजू नये. यंत्र मोजू शकते त्याहून खाली तापमान गेले, असा त्याचा अर्थ असू शकतो. चेहरा लाल आहे म्हणून बाळ गरम आहे, असेही धरू नये. गार पडलेल्या बाळाचा चेहरा लालबुंद दिसू शकतो.

काखेतला आकडा पाहून गार बाळ ओळखण्याचे काम गावातली अल्पशिक्षित बाईही करू शकते, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातल्या बायकांना घरोघरी नवजात बाळे तपासायला शिकवले. तिथल्या बालमृत्यूंत झालेली घट १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आज आशाताई घरी येतात, त्या कामामागे हाच अनुभव आहे.

आमच्या आशाताईंनी शेक दिला नाही, शेगडीही मागितली नाही. गरम पाण्याची बाटली कोवळी कातडी भाजते आणि बाजेखालच्या शेगडीचा धूर बाळाच्या छातीत जातो. त्यांनी पंखा बंद करायला लावला, डोके कोरडे केले, टोपी व मोजे घातले. लंगोट ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे धरले आणि वरून लुगड्याने व चादरीने दोघांना झाकले. दूध पिळून चमच्याने थोडे थोडे पाजले. आणि तसेच छातीशी ठेवून रिक्षाने दवाखान्यात निघाल्या. गुंडाळून वेगळे न्यायचे नाही, कारण चादर ऊब धरून ठेवते, पण ऊब तयार करत नाही. ती आईच्या अंगातून येते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आकडा ९५.९ होता. रक्तातली साखर कमी निघाली, ती भरून काढली. जंतुसंसर्ग निघाला नाही. दुपारी दीडला ९७.७ झाले आणि बाळ ओढू लागले. दोन दिवस ठेवून घरी सोडले. डॉक्टरीणबाईंनी अक्कांना सांगितले, वजन वाढेपर्यंत आंघोळ नको, कोमट कपड्याने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करा.

अक्का दोन दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चार पोरं मी अशीच न्हाऊ घातली, काही झालं नाही." आम्ही म्हणालो, "ती तीन-तीन किलोची होती, अक्का." त्यांनी पाऱ्याचा थर्मामीटर कपाटात वर ठेवून दिला. काचेचा आहे, फुटला तर पारा सांडेल, म्हणून टाकूही देईनात.