पाईप दाबाने नाही, दगडाने फुटतो : जमिनीखालची एचडीपीई पाणीपुरवठा लाईन

मागच्या वेळी आपण पाईपचा व्यास कसा ठरवायचा ते पाहिलं. आज तोच पाईप जमिनीत घालायचा आहे. विषय म्हटला तर साधा : चारी खोदा, पाईप टाका, माती ओढा. पण एचडीपीईच्या ज्या लाईनी आम्ही गळती शोधायला उकरल्या, त्यांत पाईपचा माल खराब निघाला असं क्वचितच झालं. खराब असते ती त्याच्या खालची जागा, किंवा सांधा.

एक प्रसंग सांगतो. एका गावात लाईन टाकून दोन-अडीच वर्षं झाली होती. टाकताना चाचणी व्यवस्थित झालेली. मग एका ठिकाणी रस्ता ओला दिसायला लागला. उकरलं, तर पाईपच्या बुडाला बोटाच्या पेराएवढी बारीक उभी चीर. आणि बरोबर तिच्या खाली मुठीएवढा काळा दगड, त्याचं टोक वर आलेलं. तेवढा तुकडा कापून आम्ही उभा चिरला. बाहेरून दगडाने खळगा पाडला होता, पण चीर आतल्या बाजूने सुरू झाली होती. असं का होतं? दगड पाईपला एका बिंदूवर आत ढकलतो. तिथली आतली त्वचा ताणली जाते आणि ताणलेलीच राहते. पाण्याचा दाब त्यात रोज भर घालतो. चीर महिनोन् महिने हळूहळू वाढते आणि एक दिवस आरपार जाते. चाचणीच्या दिवशी हे दिसूच शकत नाही.

एचडीपीई लवचीक आहे, म्हणून लोकांना वाटतं तो काहीही सोसेल. आपण उलटं समजून घेऊ. लोखंडी पाईप स्वतःच्या ताकदीवर उभा असतो. एचडीपीई पाईप भोवतीच्या मातीच्या आधारावर उभा असतो. म्हणजे ती माती हा पाईपचाच भाग आहे. आज जे काही बोलू ते या एका वाक्यातून निघतं.

चारी किती खोल?

उदाहरण घेऊ. समजा देशावरचं एखादं गाव आहे. वर फूटभर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा कातळ. टाकीपासून वस्तीपर्यंत 600 मीटर लाईन टाकायची आहे. पाईप 90 मिमी बाहेरील व्यासाचा, पीई 100, पीएन 10. त्याची भिंत साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीची असते. पाईपवर आयएस 4984 चा छाप आणि निळ्या रेघा आहेत, हे ट्रकमधून उतरवतानाच बघून घ्यायचं.

पाईपच्या माथ्यावर एक मीटर आवरण ठेवायचं. इथे हमखास गोंधळ होतो. 'एक मीटर खोल' म्हटलं की चारीच एक मीटर खोदली जाते. मग खाली 10 सेंटीमीटर गादी, वर 9 सेंटीमीटरचा पाईप, आणि आवरण उरतं जेमतेम 80 सेंटीमीटर. म्हणून आपल्या चारीची खोली 1.2 मीटर. एक मीटर कशासाठी? वरून जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन मातीत पसरून मगच पाईपपर्यंत पोचावं, खोल नांगरटीचा फाळ लागू नये, आणि उन्हाळ्यात पाणी तापू नये यासाठी. रस्ता ओलांडताना पाईप नुसता न टाकता मोठ्या व्यासाच्या दुसऱ्या पाईपातून न्यायचा.

रुंदी पाईपच्या व्यासापेक्षा साधारण 30 सेंटीमीटर जास्त, म्हणजे आपल्याला 40 सेंटीमीटर पुरे. फार अरुंद झाली तर पाईपच्या दोन्ही कुशींत माती दाबायला जागा राहत नाही. आणि कुशी पोकळ राहिल्या की वरच्या वजनाने पाईप चपटा होतो.

गादी

मऊ, खड्याविना माती असेल तर चारीचा तळ सपाट करून पाईप थेट ठेवता येतो. पण ब्रेकर लावून फोडलेल्या कातळाचा तळ म्हणजे उलटी ठेवलेली करवत. तिथे 10 सेंटीमीटर जास्त खोदून गादी घालावीच लागते. गादी वाळूचीच हवी असं नाही. क्रश सँड चालते, चाळलेला मुरूमही चालतो. आमची गावठी कसोटी अशी : हरभऱ्यापेक्षा मोठा खडा नको, आणि धारदार तर नकोच. काळी माती मात्र पाईपला लागून भरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन्ही वेळा पाईपला हलवते.

पाईपखाली 10 सेंटीमीटर, पाईपच्या उंचीइतकं 9, आणि माथ्यावर 15. एकूण 34 सेंटीमीटर जाडीचा हा बारीक थर झाला. 600 मीटर लांबी आणि 0.4 मीटर रुंदी घेतली तर साधारण 82 घनमीटर. पाईपने व्यापलेली जागा वजा केली की 78. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणून हे झाले सुमारे 28 ब्रास. दाबल्यावर माल बसतो, त्यासाठी 15 टक्के वाढवा : 32 ब्रास. तीन ब्रासचा टिपर धरला तर अकरा फेऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

भरताना आधी कुशी भरायच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, आणि हाताच्या धुम्मसाने दाबायच्या. बारीक थर पूर्ण झाला की वर उकरलेला माल टाकता येतो, पण त्यातले मोठे दगड वेचून. पाईपपासून 30-40 सेंटीमीटर वर इशारा देणारी प्लास्टिकची पट्टी अंथरा. एचडीपीई धातू नाही, यंत्राने शोधून सापडत नाही. पुढे कधी जेसीबी आला तर ड्रायव्हरला आधी पट्टी दिसली पाहिजे.

सांधा

एचडीपीईला कोणताच डिंक किंवा सोल्युशन धरत नाही. पीव्हीसीची सवय असलेले प्लंबर इथे चुकतात. मुख्य लाईनला वितळवून जोडणं, म्हणजे बट वेल्डिंग, हाच मार्ग. पण त्याआधी सांधेच कमी करा. सहा मीटरच्या नळ्या घेतल्या तर 600 मीटरला 99 सांधे. शंभर मीटरची भेंडोळी मिळाली तर फक्त पाच.

बट वेल्डिंगमध्ये दोन्ही टोकं यंत्रात आवळतात आणि रंधा मारतात. दोन्ही बाजूंनी अखंड साल निघेपर्यंत रंधा थांबवायचा नाही. टोकं जुळवून बघायची. फरक भिंतीच्या जाडीच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे आपल्या पाईपला अर्धा मिलिमीटर. रंधलेल्या तोंडाला यानंतर हात लावायचा नाही, तेलकट बोटही सांधा बिघडवतं. हीटर प्लेट 200 ते 220 अंशांवर. आधी दाब देऊन चहूबाजूंनी सुमारे एक मिलिमीटरची वळी उठू द्यायची. मग दाब काढून घेऊन नुसतं तापवायचं, साडेपाच मिलिमीटर भिंतीला साधारण 55 सेकंद. प्लेट काढून टोकं भिडवायला पाच-सहा सेकंदच मिळतात. मग दाब धरून पाईप यंत्रातच थंड होऊ द्यायचा, साधारण सहा ते दहा मिनिटं. ओलं फडकं नाही, पाणी तर नाहीच. वाऱ्याच्या ठिकाणी आडोसा करायचा आणि पाईपची पलीकडची तोंडं बंद ठेवायची, नाहीतर आतून वारा वाहून तोंड थंड पडतं.

बिघाड होतो तो याच मिनिटांत. संध्याकाळ होते, सांधे उरलेले असतात, आणि माणसं दोन मिनिटांत क्लँप सोडतात. असा सांधा त्या दिवशी चांगलाच दिसतो.

मग ओळखायचं कसं? चांगल्या सांध्याच्या दोन वळ्या गोल, सारख्या आणि अखंड असतात. त्यांच्या मधली खाच पाईपच्या पृष्ठभागाखाली जात असेल तर सांधा कापून टाका. बाहेरची वळी हत्याराने अखंड सोलून पिळून बघा. ती मधोमध उकलली, तर आत धूळ किंवा ओल गेली होती. कामाच्या सुरुवातीला एक सांधा मुद्दाम कापा, त्याची आडवी पट्टी काढा आणि वाकवा. सांध्यावर तुटली तर यंत्र, वेळ किंवा माणूस, काहीतरी चुकतंय.

घरजोडणीची खोगिरं, म्हणजे सॅडल, इलेक्ट्रोफ्यूजनची घ्या. तिथे पाईपवरची जुनी पातळ साल खास हत्याराने खरवडावी लागते, सँडपेपरने भागत नाही. घरापर्यंतच्या बारीक पाईपला आवळून बसणारी कॉम्प्रेशन फिटिंग चालतात, पण त्यांना ओढ बसू देऊ नका.

ही ओढ कुठून येते? उन्हातून. शंभर मीटर पाईप दर अंशाला दीड ते दोन सेंटीमीटर लांबतो किंवा आखडतो. दुपारी तापलेला काळा पाईप रात्री 25 अंशांनी उतरला, तर शंभर मीटरमागे चाळीस-पन्नास सेंटीमीटर आखडू बघतो. म्हणून चारीत पाईप ताणून नाही, किंचित नागमोडी ठेवायचा, आणि टोकाची जोडणी व भराव सकाळी थंड वेळी करायचा.

प्रश्न : चाचणीत दाब उतरला म्हणजे गळती आहे का?

लगेच तसं म्हणू नका. दाबाखाली हा पाईप थोडा फुगत राहतो, त्यामुळे सुरुवातीला काटा उतरतोच. सगळी हवा काढा, थोडं पाणी पुन्हा भरा, आणि उतार मंदावतो का ते बघा. मंदावत गेला तर पाईप बसतोय. एकाच वेगाने उतरत राहिला तर गळती शोधा. चाचणीच्या वेळी पाईपचं अंग मातीखाली आणि सांधे उघडे ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी कधीच करू नका. फुटला तर पाईप माणसाला मारू शकतो.

प्रश्न : आम्ही गावकरी, इंजिनियर नाही. आम्ही काय तपासायचं?

तीन गोष्टी. चारी बुजवण्याआधी एका काठीवर 1.2 मीटरची खूण करा, दर पन्नास पावलांवर उतरून मोजा आणि काठीसकट फोटो काढा. वेल्डिंग चालू असताना घड्याळ घेऊन शेजारी बसा. आणि टिपरच्या फेऱ्या मोजा. तुमच्या लांबीला अकरा फेऱ्या लागत असतील आणि आल्या चार, तर उरलेल्या जागी पाईपखाली काय गेलं हे विचारायची वेळ चारी उघडी असतानाच असते. ती बुजली की उत्तर दोन-अडीच वर्षांनी रस्त्यावर ओलं होऊन येतं.