चहा, मिश्री आणि अडकणारा घास

इराणच्या ईशान्येला, कॅस्पियन समुद्राच्या कडेला गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. तिथल्या तुर्कमेन शेतकऱ्यांमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, हे गेल्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. कोडं वेगळंच होतं. युरोपात हा रोग म्हटला की दारू आणि सिगारेट ही जोडी हमखास सापडते. गोलेस्तानात दारू जवळजवळ कुणी पीत नाही आणि धूम्रपान करणारेही थोडेच. मग संशय गेला तो चहावर. तिथले लोक दिवसभर काळा चहा पितात आणि तो चुलीवरून उतरवल्या उतरवल्या पितात.

‘चहा गरम पिता का?’ या प्रश्नाला काही अर्थ नसतो. प्रत्येकाचं ‘गरम’ वेगळं. म्हणून संशोधकांनी एक साधी युक्ती केली. २००४ ते २००८ या काळात सुमारे पन्नास हजार माणसांची नोंद झाली, तेव्हा समोर ताज्या चहाचे दोन कप ओतले जात. एका कपात थर्मामीटर, दुसरा पिणाऱ्यासाठी. पारा ७५ अंशांवर आला की घोट घ्यायला सांगायचं आणि विचारायचं, ‘रोज एवढाच कढत पिता?’ नाही म्हटलं तर ७० पर्यंत थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. असं पाच-पाच अंशांनी खाली. पुढची अनेक वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: ६० अंश किंवा त्याहून गरम चहा, तोही दिवसाला सातशे मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांना, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत या कर्करोगाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी अधिक होता. त्याआधी २००९ मध्ये याच प्रांतातले रुग्ण आणि त्यांच्या शेजारपाजारचे निरोगी लोक यांची तुलना झाली होती. चहा ओतल्यावर चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांपेक्षा दोन मिनिटांच्या आत पिऊन टाकणाऱ्यांना धोका पाचपटींच्या आसपास निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरची पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली ती अशाच पुराव्यांवर. ‘बहुधा’ या शब्दाने पुरावा किती भक्कम आहे एवढंच कळतं, धोका किती मोठा आहे ते नाही. शिवाय दोष चहाचा नाही, उष्णतेचा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या मातेवर कैक वर्षं संशय होता. ते फार गरम नसेल तर त्याला कर्करोगकारक म्हणायला पुरावा नाही, असं याच संस्थेने त्या वेळी सांगून टाकलं.

कढत घोट जिभेला पोळतो तेव्हा आपण चटकन सावध होतो. अन्ननलिकेला तशी जाणीव फार नाही. घोट तोंडातून पुढे सरकला की काही क्षण तिच्या आतल्या नाजूक अस्तराला चिकटून खाली जातो. रोज थोडं भाजायचं, रोज भरून यायचं, पेशींनी पुन्हा पुन्हा नव्याने वाढायचं. या धावपळीत एखाद्या पेशीची नक्कल चुकण्याची शक्यता वाढत जाते. आणि भाजलेलं अस्तर बाहेरून आलेल्या विषारी द्रव्यांना सहज आत घेतं. इथे घोटाचं आकारमानही महत्त्वाचं आहे. छोटा घोट तोंडातच बराच निवतो, मोठा घोट आपली उष्णता घेऊन खाली उतरतो. बशीत ओतून, फुंकर मारून, फुर्र करत चहा पिणाऱ्या आजोबांना आपण गावंढळ म्हणून हसलो, पण पसरट बशी आणि छोटा घोट ही दोन्ही कामाची होती. उकळत्या पातेल्यातून थेट कपात आलेला दुधाचा चहा ६५ अंशांच्या बराच वर असतो. चार-पाच मिनिटं थांबलं की प्रश्नच मिटतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू चीनमधून आली. तिथे साडेचार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कढत चहाचा धोका ठळक दिसला तो दारू पिणाऱ्यांमध्ये आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये. जे दोन्हीपासून लांब होते, त्यांच्यात नुसत्या कढत चहाचा धोका वाढलेला आढळला नाही. गोलेस्तानातला निष्कर्ष याच्याशी पुरता जुळत नाही, आणि ते साहजिक आहे. दोन्हीकडचं पाणी वेगळं, अन्न वेगळं, सवयी वेगळ्या. मला तरी यातून एवढंच दिसतं, की चहाची कपबशी एकटी फारशी गुन्हेगार नसावी, पण तंबाखूच्या सोबतीला ती बसली की मामला बिघडतो. आपल्याकडे ही सोबत टपरीवर रोज जुळते. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात विडी.

आणि विडी नसेल तर गालात चिमूट. तोंडाच्या कर्करोगाची भीती आता बऱ्यापैकी पसरली आहे, गुटख्याच्या पुड्यांवर चित्रंही असतात. पण चघळलेल्या तंबाखूचा रस सगळाच थुंकला जात नाही. बसमध्ये, कचेरीत, पाहुण्यांसमोर थुंकायची सोय नसते, म्हणून तो गिळला जातो. मिश्री लावणाऱ्या बायकांचं तर हे ठरलेलंच. कोकणात आणि घाटावर भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दातांना लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘दात घासते’ या नावाखाली ती दिवसातून तीन-चार वेळा लावली जाते, आणि लावणाऱ्या बाईला विचारलं की तंबाखू खाता का, तर ती मनापासून नाही म्हणते. विदर्भातल्या खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र येतात, आणि त्यातली सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे. तंबाखूतली नायट्रोसॅमाइन्स हे या सगळ्यातलं मुख्य विष. तंबाखू आणि दारू ज्यांच्याकडे एकत्र नांदतात, त्यांच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकाराकडे जातो तो. तंबाखू सोडली की धोका हळूहळू ओसरतो. त्याला वर्षं लागतात.

हे झालं कारणांचं. पण अन्ननलिकेचा कर्करोग इतका घातक ठरतो तो तिच्या रचनेमुळेही. ही साधारण पंचवीस सेंटिमीटरची मऊ, ताणली जाणारी नळी आहे. मोठा घास आला तर ती दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फाकते. आत गाठ वाढू लागली तरी उरलेली भिंत ताण सोसून वाट करून देते, त्यामुळे बरेच दिवस काहीच जाणवत नाही. मार्ग साधारण तेरा मिलिमीटरच्या खाली आला की कोरडे पदार्थ नेमाने अडकायला लागतात, आणि तोवर गाठ बरीच पसरलेली असते. त्यात या नळीला पोटातल्या आतड्यांसारखं बाहेरचं आवरण नाही. गाठ भिंत ओलांडते ती थेट श्वासनलिका, महाधमनी आणि लसिकाग्रंथींच्या शेजारात.

अशा अनेक रुग्णांच्या हकिगतींवरून जुळवलेलं एक उदाहरण पाहू. अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी, कोल्हापूरकडच्या, मिश्रीची सवय लग्नाआधीपासूनची. एक दिवस ज्वारीची भाकरी छातीत अडकल्यासारखी वाटली. पाणी प्यायल्या, उतरली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. घरच्यांना वाटलं, घाईघाईने खाते. मावशींनी आपल्या आपण तोड काढली: भाकरी आमटीत कुस्करायची. मग कुस्करलेलीही जड जाऊ लागली, तेव्हा मऊ भात. कुणी विचारलं तर म्हणायच्या, दात राहिले नाहीत आता. औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आल्या, त्यांनी थोडं बरं वाटलं. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. गळ्याच्या खालच्या खोबणीत अडकतं असं त्या बोट लावून दाखवायच्या, म्हणून घसा तपासला गेला आणि तो स्वच्छ निघाला. चार महिन्यांनी त्या पेजेवर आल्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दुर्बीण घातली गेली ती त्यानंतर.

यात मुख्य चूक मावशींची नाही. बोट ठेवलेली जागा फसवी असते: अडथळा छातीच्या खालच्या भागात असला तरी तो गळ्यापाशी अडकल्यासारखा वाटू शकतो. घसा स्वच्छ निघाला म्हणजे अन्ननलिका तपासली असं होत नाही. गोळीने जळजळ कमी झाली म्हणजे अडथळा गेला असंही नाही. आणि खाणं मऊ करत जाणं हेच खरं लक्षण असतं, पण ते रुग्ण सांगत नाही, कारण त्याला ती आपली सोय वाटते. ‘गिळताना त्रास होतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येतं. म्हणून अनुभवी डॉक्टर वेगळं विचारतात: सहा महिन्यांपूर्वी काय खात होता, आज काय खाता? जेवायला किती वेळ लागतो? घासागणिक पाणी लागतं का?

घशात गोळा आल्यासारखं वाटणारी सगळीच माणसं या वाटेवर नसतात. तो गोळा जेवण नसताना जाणवत असेल, आणि जेवताना घास विनासायास उतरत असेल, तर बहुतेक वेळा भीतीचं कारण नसतं. पाणी आणि घास दोन्ही पहिल्यापासून सारखेच अडकत असतील, तर नळीच्या हालचालीचा आजार असण्याची शक्यता जास्त. कर्करोगाची चाल ठरावीक असते: आधी भाकरी-पोळी, मग भात, मग पेज, शेवटी पाणी, आणि सोबत वजन घटत जातं. आवाज बसणं किंवा पाणी पिताच ठसका लागणं ही पुढच्या टप्प्याची लक्षणं आहेत.

दुर्बिणीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी, ही लोकांना वाटते त्याहून किरकोळ गोष्ट आहे. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि बोटाएवढी लवचीक नळी दहा-पंधरा मिनिटांत काम उरकते. संशयास्पद जागेचे एकाहून अधिक तुकडे घेतात, कारण एकच तुकडा चुकीच्या ठिकाणचा निघू शकतो. बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे अरुंद झालेली जागा दाखवतो, अस्तरातली कोवळी गाठ मात्र त्यातून निसटू शकते. ब्रिटनमध्ये गिळायला त्रास होणाऱ्या प्रौढाची एंडोस्कोपी दोन आठवड्यांच्या आत व्हावी असा दंडक आहे, वय काहीही असो.

गाठ केवळ वरच्या अस्तरापुरती असेल, तर ती दुर्बिणीतूनच सोलून काढता येते, छाती उघडावी लागत नाही. ती भिंतीत शिरलेली असेल तर आधी काही आठवडे केमो आणि किरणोपचार, मग शस्त्रक्रिया; तीत अन्ननलिका काढून जठराची नळी करून वर ओढून घेतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण सुमारे दोन वर्षं जगले. आधी केमो-किरणोपचार मिळालेल्यांमध्ये हाच काळ चार वर्षांच्या आसपास गेला. रोग त्याहीपुढे गेला असेल तर जाळीची नळी बसवून गिळण्याची वाट उघडतात. ती रोग घालवत नाही. माणसाला पुन्हा मऊ भात खाता येतो.