कागदावरचे दोन कोटी

बारा फ्लॅटची एक इमारत हिशेबासाठी घेऊ. प्लॉट आणि परवानग्यांना सुरुवातीलाच दोन कोटी लागतात. पहिल्या व दुसऱ्या वर्षाअखेर बांधकामाला दोन-दोन कोटी, तिसऱ्या वर्षाअखेर एक कोटी. एकूण खर्च सात कोटी. इमारत पूर्ण झाल्यावर फ्लॅट ७५ लाखांना विकले, तर नऊ कोटी येतात. छोटा बिल्डर वहीत लिहितो: नफा दोन कोटी.

पण तो नफा मिळतो तीन वर्षांनी, आणि पैसे अडकतात आजपासून. कर्जाचं व्याज आणि स्वतःची जोखीम धरून त्याला वर्षाला १५ टक्के परतावा हवा असेल, तर तीन वर्षांनी येणाऱ्या रुपयाची आजची किंमत साधारण ६६ पैसे. प्रत्येक रक्कम अशी आजच्या किमतीत आणून जमेतून खर्च वजा केला, की उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. इथे ते एक लाखाच्याही आत येतं. सात कोटी गुंतवून बिल्डरला अपेक्षित १५ टक्के जेमतेम सुटले.

आता विक्री टप्प्यांत करू. चार फ्लॅट पहिल्या वर्षी ६८ लाखांना, चार दुसऱ्या वर्षी ७२ लाखांना, उरलेले चार शेवटी ७५ लाखांना. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारनाम्याप्रमाणे जोता झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. त्या हिशेबाने तीन वर्षांत अनुक्रमे सुमारे १.२२, २.७० आणि ४.६८ कोटी येतात. वहीतला नफा ४० लाखांनी घटतो, तरी एनपीव्ही २७ लाखांवर जातं. स्वस्तात विकूनही सौदा सुधारला, कारण पैसा लवकर आला. आधीच्या मार्गात विक्रीपूर्वी सातही कोटी बिल्डरला उभे करावे लागत होते. इथे वर्षाअखेरच्या हिशेबाने सर्वांत मोठी तूट पावणेतीन कोटींच्या आसपास राहते.

मात्र आलेला पैसा मोकळा नसतो. फ्लॅट आठपेक्षा जास्त आणि प्लॉटही ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर रेरा नोंदणीआधी बुकिंग घेता येत नाही, आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी, झालेल्या कामाच्या प्रमाणात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यावर काढता येतात. बुकिंगचा पैसा पुढच्या प्लॉटच्या इसाऱ्यात घालायचा, असं गृहीत धरून मांडलेला हिशेब इथेच कोसळतो.

माझ्या मते मोठा धोका विलंबाचा आहे. वरच्या टप्प्यांच्या हिशेबात फक्त शेवटचं वर्ष लांबलं, म्हणजे तिसऱ्या वर्षाची जमा आणि खर्च दोन्ही चौथ्या वर्षी गेले, तर २७ लाखांचं एनपीव्ही उणे साडेचार लाखांच्या जवळ येतं. यात वाढलेलं सिमेंट किंवा ग्राहकांना द्यायचं व्याज धरलेलंच नाही. म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधी हा हिशेब तिमाहीगणिक मांडावा, आणि एक वर्ष उशीर धरून पुन्हा मांडावा. दुसऱ्या वेळी आकडा उणे आला, तर जमीनमालकाशी किमतीची बोलणी करायला वाव असतो तो तेव्हाच.