जनावरांचा धनुर्वात : सुई जखमेच्या दिवशी, अंग ताठल्यावर नव्हे

धनुर्वात म्हटला की आपल्याला बाळंतीण, नवजात बाळ आणि पायात घुसलेला खिळा आठवतो. पण हाच रोग आपल्या दारातल्या शेळीला, गाईला आणि घोड्यालाही होतो. सर्व पाळीव जनावरांत घोडा या विषाला सर्वांत लवकर बळी पडतो. त्याच्या खालोखाल शेळ्या-मेंढ्या. गाई-म्हशी त्या मानाने जास्त तग धरतात. वस्तीत वीटभट्टीचा, टांग्याचा किंवा वरातीचा घोडा असतो आणि घरोघरी शेळ्या असतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही जनावरांच्या धनुर्वाताबद्दल लिहीत आहोत.

एक उदाहरण घेऊ. वीटभट्टीवर गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या खुराच्या तळव्यात दोन इंचांचा खिळा घुसला. मालकाने खिळा उपटला, हळद-तेल भरले आणि वरून शेण लिंपले. तिसऱ्या दिवशी घोडा लंगडायचा थांबला. जखम बरी झाली असे घरातल्या सर्वांना वाटले.

वरून जखम मिटली, पण आत काय झाले? धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. घोड्याच्या लिदीत तर ते अनेकदा सापडतात. हे जंतू बीजासारख्या टणक रूपात वर्षानुवर्षे टिकतात, पण हवा लागते तिथे वाढत नाहीत. खिळ्याने केलेले भोक अरुंद आणि खोल असते. त्याचे तोंड मिटले की आत हवा उरत नाही आणि जंतूंना हवी तशी जागा मिळते. म्हणून मोठी, उघडी, रक्त वाहणारी जखम दिसायला भयंकर असली तरी धनुर्वाताच्या दृष्टीने हे लहानसे भोक अधिक घातक ठरते. शेण लिंपल्याने तर जंतू आणखी आत जातात.

जंतू जखमेतच राहतात. तिथे ते विष तयार करतात आणि ते विष मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचते. आपल्या स्नायूंना दोन प्रकारचे हुकूम मिळतात, एक आवळण्याचा आणि दुसरा सैल सोडण्याचा. हे विष सैल सोडण्याचा हुकूम अडवते. स्नायू आवळतात आणि आवळलेलेच राहतात. या सगळ्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे लक्षणे दिसतात तेव्हा खिळा कुणाच्या लक्षातही नसतो.

आपल्या उदाहरणातला घोडा अकराव्या दिवशी मान वळवेनासा झाला. जमिनीवरचा चारा त्याला उचलता येईना. दुसऱ्या दिवशी शेपूट उचललेली, कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. तिसऱ्या दिवशी चारही पाय फाकवून तो लाकडी घोड्यासारखा उभा राहिला. जबडा आवळला आणि तोंडातून लाळ गळू लागली. भांडे पडले तरी सर्वांगाला झटका येई. अशा वेळी वस्तीत नजर लागली, बाधा झाली असे बोलले जाते आणि उतारा टाकण्यात दिवस जातो. कारण मात्र अकरा दिवसांपूर्वीच्या त्या खिळ्यात असते.

लवकर ओळखण्याची एक खूण डोळ्यात असते. घोडा, गाय, शेळी यांना नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. एरवी ती दिसत नाही. धनुर्वातात डोळ्यामागचा स्नायू आवळून बुबुळ आत ओढतो, त्यामुळे ही पापणी पुढे सरकते. जनावराच्या हनुवटीखाली हलकेच थोपटले किंवा डोके थोडे वर उचलले की ती झर्रकन डोळ्यावर येते आणि हळूहळू मागे जाते. हे एकदाच बघावे, पुन्हा पुन्हा करू नये, कारण त्याने झटके वाढतात. डोळ्यावर पडदा आला किंवा मांस वाढले असे समजून काही ठिकाणी ही पापणी कापतात. तसे कधीही करू नये. डोळ्याला काहीच झालेले नसते.

शेळ्यांत जखम बहुधा आपल्याच हातची असते. बोकडाला खच्ची करताना, विशेषतः रबरी कडी लावून, कानाला बिल्ला मारताना किंवा करडाची नाळ मळक्या पात्याने कापताना जंतू आत जातात. करडू ताठ होऊन आडवे पडते आणि मान मागे ओढली जाते. गाईत पुष्कळदा वार अडकल्यावर किंवा विताना झालेल्या इजेतून रोग होतो. तिचे अंग ताठते आणि पोटही फुगते.

आता औषधाबद्दल. इथे लोकांची हमखास गल्लत होते, कारण कुप्या दोन प्रकारच्या असतात. एक धनुर्वाताची लस. ती शरीराला स्वतःचे संरक्षण तयार करायला शिकवते, पण त्याला काही आठवडे लागतात. दुसरे अँटिटॉक्सिन, म्हणजे तयार प्रतिविष. ते लगेच काम करते, पण त्याचा असर साधारण दोन-तीन आठवड्यांत संपतो. ज्या जनावराला आधी लस नाही आणि आज जखम झाली आहे, त्याला डॉक्टर दोन्ही देतात, पण वेगळ्या सिरिंजने आणि वेगळ्या जागी. घोड्याला प्रतिबंधासाठी अँटिटॉक्सिनचे सामान्यतः 1500 युनिट देतात. इतर जनावरांचा डोस डॉक्टर ठरवतात.

प्रतिविषाची मर्यादा समजून घ्यायला हवी. रक्तात आणि जखमेत मोकळे फिरणारे विष ते पकडते. जे विष मज्जातंतूत जाऊन बसले, त्याला ते सोडवू शकत नाही. म्हणून जखमेच्या दिवशी टोचलेली एक सुई जे करते, ते अंग ताठल्यावर टोचलेल्या कितीतरी मोठ्या डोसने होत नाही. तरीही ताठलेल्या जनावराला ते देतात, कारण पुढचे विष तरी थांबते. सोबत जखम उघडून साफ करतात, जंतू मारायला पेनिसिलिन देतात आणि स्नायू सैल करणारी औषधे देतात. अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असेल तर इतर जनावरांना त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ते घरी स्वतः टोचू नये.

बाकीचे काम घरच्यांचे आहे. जनावर अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. कानात कापूस घालावा, खाली जाड गवत अंथरावे. चारा-पाणी छातीच्या उंचीवर ठेवावे. तोंडात नळीने पाणी किंवा काढा ओतू नये, तो फुप्फुसात जातो. तोंडात हातही घालू नये. लाळ गळणे आणि गिळता न येणे ही पिसाळल्याचीही लक्षणे असू शकतात, त्याचा निर्णय डॉक्टरांनीच करावा. पडून उठू न शकणाऱ्या घोड्याची आशा कमी असते. पहिला आठवडा उभ्याने काढला तर आशा वाढते, पण पूर्ण बरे व्हायला कित्येक आठवडे लागतात. आणि बरे झालेल्या जनावरालाही लस लागते, कारण एकदा रोग होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही.

धनुर्वात जनावराकडून माणसाला लागत नाही, पण जनावराचा आणि आपला पाय एकाच मातीत असतो. जखम धुणाऱ्याने स्वतःची लसही पूर्ण झाली आहे का ते पाहावे.

खिळा लागला की तो कुठे आणि किती खोल गेला ते लक्षात ठेवा. भोक भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, शेण-माती लावू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या मोफत क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा : लस आणि अँटिटॉक्सिन, दोन्ही लागतील का?

जयभीम.