मोबाइल बिलात दर महिन्याला तोच चुकीचा आकार येतो, तेव्हा तक्रार अर्ज कसा लिहावा

बचत गटाची मासिक बचत शंभर रुपये असेल तर एखादी सदस्य ती चुकवत नाही. चुकली तर दंड बसतो, रजिस्टरला नोंद होते. पण त्याच सदस्येच्या पोस्टपेड मोबाइलच्या बिलातून दर महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये उगाच जात असले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. आलं तरी "कंपनीला फोन केला होता, म्हणाले होऊन जाईल" एवढ्यावर विषय थांबतो. आणि पुढच्या महिन्यात आकार परत हजर. असं का होतं आणि ते कागदावर कसं थांबवायचं, ते या लेखात बघू.

आधी बिल ओळीओळीने वाचा

बिलाची फक्त शेवटची रक्कम बघू नका. मागचे तीन-चार महिन्यांचे बिल काढा, शेजारीशेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळ जुळवा. मासिक भाडे म्हणजे आपल्या प्लॅनची ठरलेली रक्कम, ती सगळीकडे सारखी पाहिजे. त्याखाली वापराचे आकार असतात, ते कमीजास्त होऊ शकतात. त्यानंतर जीएसटी, तो १८ टक्के. मागचं बिल उशिरा भरलं असेल तर विलंब आकार एकदाच येतो.

आता या सगळ्यात एखादी रक्कम दर महिन्याला अगदी तेवढीच येत असेल आणि ती आपल्या प्लॅनमधली नसेल, तर समजा की नंबरवर एखादी सशुल्क सेवा चालू झाली आहे. कॉलर ट्यून, गेम, भविष्य, क्रिकेटच्या बातम्या, असं काहीही असू शकतं. बिलात ती 'व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस' किंवा 'सबस्क्रिप्शन' या नावाखाली बसते.

एक खबरदारी घ्या. नवीन कनेक्शनचं पहिलं बिल किंवा महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलला त्या वेळचं बिल जास्त दिसतं. मागच्या काही दिवसांचं आणि पुढच्या महिन्याचं भाडं त्यात एकत्र असतं. ती चूक नव्हे. तो आकार पुढच्या बिलात परत येत नाही, हीच त्याची ओळख.

फोन केला तरी आकार परत का येतो?

एक उदाहरण घेऊ. समजा अहमदपूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्लॅन ३९९ रुपयांचा आहे. जीएसटी ७१.८२ धरून बिल ४७०.८२ यायला पाहिजे. ५ जूनच्या बिलात ९९ रुपयांची एक सेवा लागली. कर धरून ते ११६.८२ झाले आणि बिल आलं ५८७.६४. ताईंनी ग्राहक सेवेला फोन केला. समोरच्याने "पैसे परत मिळतील" असं सांगितलं.

५ जुलैचं बिल आलं ४७०.८२. ताईंना वाटलं, झालं काम. पण बिल उघडून वाचलं असतं तर दिसलं असतं की ९९ रुपयांची ओळ त्यातही होतीच. फक्त जूनचे ११६.८२ वजा केल्यामुळे शेवटची रक्कम बरोबर दिसत होती. म्हणजे कंपनीने एका महिन्याचे पैसे परत केले, सेवा मात्र बंद केली नाही. ५ ऑगस्टला परत ५८७.६४ आणि ५ सप्टेंबरलाही तेवढंच.

हिशोब मांडा. चार बिलांत चार वेळा आकार लागला, ४ गुणिले ११६.८२ म्हणजे ४६७.२८. त्यातले ११६.८२ एकदा परत मिळाले. राहिले ३५०.४६. एवढी रक्कम आज कंपनीकडून येणं आहे.

या उदाहरणात सगळं मर्म आहे. पैसे परत देणं हे एक काम आणि सेवा बंद करणं हे दुसरं. आपण फोनवर फक्त "पैसे परत द्या" म्हणतो आणि तेवढंच होतं. म्हणून अर्जात मागण्या वेगवेगळ्या लिहायच्या.

अर्जाआधी दोन कामं

पहिलं, सेवा बंद करा. 155223 हा त्यासाठीचा मोफत नंबर आहे. त्यावर फोन करा किंवा STOP असा मेसेज पाठवा, आपल्या नंबरवर काय चालू आहे ते कळतं आणि बंद करता येतं. उत्तरादाखल आलेला मेसेज पुसू नका.

दुसरं, कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर मागून घ्या. २०१२ च्या ट्रायच्या नियमानुसार प्रत्येक तक्रारीला तो नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण. नंबर दिला नाही तर तक्रार नोंदलीच गेली नाही असं समजा. तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा.

अर्जाचा नमुना

अर्ज ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांच्याच सहीने द्यायचा. सिम मालकांच्या नावावर असेल तर सही त्यांची लागेल. अर्ज ईमेलने पाठवा, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. कंपनीच्या दुकानात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
(कंपनीचे नाव व बिलावरचा पत्ता)

दिनांक : १० सप्टेंबर

विषय : मोबाइल क्र. (......), ग्राहक खाते क्र. (......) — न मागितलेल्या सेवेचा आकार चार बिलांत लावल्याबाबत.

संदर्भ : डॉकेट क्र. (......), दि. १२ जून व डॉकेट क्र. (......), दि. ८ सप्टेंबर.

महोदय,

माझा प्लॅन दरमहा ३९९ रुपयांचा आहे. ५ जून, ५ जुलै, ५ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर या चारही बिलांत (सेवेचे नाव) या सेवेपोटी ९९ रुपये व त्यावरील कर मिळून प्रत्येकी ११६.८२ रुपये आकारले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही.

१२ जून रोजी तक्रार केल्यानंतर ५ जुलैच्या बिलात ११६.८२ रुपये वजा केले, मात्र सेवा बंद केली नाही. त्यामुळे ३५०.४६ रुपये अजून येणे आहेत.

माझी विनंती :
१. ही सेवा बंद करून कोणत्या तारखेला बंद केली ते लेखी कळवावे.
२. ३५०.४६ रुपये पुढील बिलात वजा करावेत.
३. सेवा सुरू करण्यास मी संमती दिल्याची नोंद, तारीख व वेळेसह द्यावी.

बिले मी तक्रार राखून भरली आहेत. बिल भरले म्हणजे आकार मान्य आहे असे समजू नये.

सोबत : चार बिलांच्या प्रती, 155223 वरून आलेल्या मेसेजची प्रत.

आपली,
(सही व नाव)

प्रत्येक वाक्य कशासाठी आहे?

तिसरी मागणी सगळ्यात वजनदार आहे. ट्रायने जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. तेव्हा "तुम्हीच बटण दाबलं असेल" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका, नोंद मागा. मात्र घरातल्या लेकराने खरोखरच दोनदा 'हो' दाबलेलं असेल तर ती नोंद निघेल आणि मागचे पैसे मिळणं अवघड होईल. म्हणून अर्जाआधी घरात विचारून घ्या.

"तक्रार राखून भरली" हे वाक्यही सोडू नका. रागाने बिल भरायचंच थांबवलं तर विलंब आकार लागतो आणि कनेक्शन बंद होऊ शकतं. मग मूळ तक्रार बाजूला राहते आणि थकबाकीचाच वाद सुरू होतो. रक्कम लहान असेल तर बिल भरून भांडणं सोयीचं. बिल आपोआप बँक खात्यातून कटत असेल, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते बंद करून स्वतः भरा. म्हणजे दर महिन्याला बिल वाचणं होतं.

उत्तर आलं नाही तर

बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवड्यांची मुदत धरा. तोवर उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. फी लागत नाही. अर्ज तोच, वर डॉकेट नंबर आणि "मिळालेले उत्तर मान्य नाही" एवढी भर. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकीची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

त्यानंतरचं दार म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

मोबाइलच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतच नाहीत, असं काही जण सांगतील. २००९ च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तसं सांगितलं जायचं. पण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचं महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये होतं आणि २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं एक बिल २४,६०९.५१ आलं. व्होडाफोन आयडिया कंपनीचं म्हणणं होतं की ग्राहक मंचाला हे ऐकण्याचा अधिकार नाही. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने सांगितलं की अधिकार आहे. बिल बरोबर की चूक, ते त्या निकालात ठरलं नाही. पण आपल्यासाठी दार उघडं आहे, एवढं पक्कं झालं.

साडेतीनशे रुपयांसाठी लातूरला चकरा मारणं परवडत नाही, हे खरं आहे. बरीच प्रकरणं अर्ज किंवा अपिलावर मिटावीत म्हणूनच हिशोब, डॉकेट नंबर आणि संमतीची मागणी पहिल्याच अर्जात पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांचं बिल येतं त्यांनी मागचे तीन बिल सोबत आणावेत. वाचता येणाऱ्या दोघींनी बसून ओळी जुळवल्या तर अर्धा तास पुरतो. आणि पैसे वजा झाल्यावरही पुढची दोन बिलं उघडून बघा. ती ९९ ची ओळ गेली असेल, तरच तक्रार मिटली असं समजायचं.