हा बदल कुणी तपासायचा?

बसचं तिकीट रद्द केल्यावर प्रवाशाला किती पैसे परत द्यायचे, याचा हिशेब ॲपच्या कोडमध्ये कुठेतरी लिहिलेला असतो. त्यातली एखादी ओळ कुणी बदलली, तर ती बरोबर आहे का, हे कुणाला विचारायचं? पाचजणांची टीम असेल तर प्रश्नच येत नाही, कारण पैशांचं काम कोण बघतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नासजण झाले, त्यातले दहा नवे असले, की मात्र हे ‘ठाऊक असणं’ संपतं. नवा मुलगा बदल करतो, समोर जे नाव दिसेल त्याला तपासायला देतो, आणि तो माणूस पैशांच्या कामाशी संबंध नसतानाही ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो.

आज बहुतेक सॉफ्टवेअर टीम आपला कोड गिटहब किंवा तशाच एखाद्या ठिकाणी ठेवतात. कोडमध्ये बदल करायचा तर तो थेट मुख्य प्रतीत घालत नाहीत. बदल वेगळ्या प्रतीत करायचा आणि ‘हा मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी विनंती टाकायची, अशी पद्धत आहे. हीच पुल रिक्वेस्ट. ती दुसऱ्या कुणीतरी वाचायची, शंका विचारायच्या, पटलं तर मंजुरी द्यायची. मग तो बदल मर्ज होतो. या वाचणाऱ्यांची निवड आपोआप व्हावी म्हणून गिटहबने 2017 साली एक सोय आणली. त्यामागे गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाची पद्धत होती. तिथे फोल्डरमध्ये `OWNERS` नावाची छोटी फाइल असते आणि त्या फोल्डरमधल्या कोडची जबाबदारी कुणाची, ते तीत लिहिलेलं असतं. गिटहबने अशा विखुरलेल्या फाइलींऐवजी एकच फाइल ठेवली. तिचं नाव `CODEOWNERS`.

ही फाइल साध्या मजकुराची असते. प्रत्येक ओळीत डावीकडे फाइलीचा किंवा फोल्डरचा पत्ता आणि उजवीकडे जबाबदार माणसाचं किंवा गटाचं नाव. आपल्या कल्पनेतल्या बस ॲपची फाइल अशी असेल, असं धरू:

```
*             @bus-app/core
/payments/    @bus-app/payments
/locales/mr/  @bus-app/marathi
*.sql         @bus-app/database
/.github/     @bus-app/leads
```

पहिल्या ओळीतलं फुलीचं चिन्ह म्हणजे ‘सगळ्या फाइली’. दुसरी ओळ पैशांच्या फोल्डरची, तिसरी मराठी मजकुराची. चौथीत कुठल्याही फोल्डरमधली, `.sql` ने संपणारी प्रत्येक फाइल येते, म्हणजे डेटाबेसमध्ये फेरफार करणारा कोड. पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ महत्त्वाची आहे. ती असली तर सगळ्यात वरच्या पातळीवरचं `payments` फोल्डर तेवढं धरलं जातं. नसली तर त्या नावाचं फोल्डर कुठेही आत दडलेलं असलं तरी चालतं.

पुल रिक्वेस्ट आली की गिटहब तिच्यात बदललेल्या फाइलींची यादी घेतं आणि प्रत्येक फाइलीला कोणत्या ओळी लागू पडतात ते पाहतं. एकापेक्षा जास्त लागू पडल्या, तर सगळ्यात खालची ओळ धरली जाते आणि वरच्या सोडून दिल्या जातात. नावांची बेरीज होत नाही. फाइल लिहिताना लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच.

तीन उदाहरणं घेऊ. पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये कुणीतरी ‘कॅन्सल करा’ऐवजी ‘रद्द करा’ असं लिहिलं. बदललेली फाइल एकच, `/locales/mr/` मधली. तिला पहिली ओळही लागू पडते आणि तिसरीही; पण तिसरी खाली आहे, म्हणून विचारणा फक्त मराठी गटाला जाते. मुख्य गटाला त्रास नाही. हेच हवं होतं.

दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये परताव्याचा हिशेब बदलला आणि त्याबरोबर प्रवाशाला दिसणारं मराठी वाक्यही. फाइली दोन, त्यांच्या ओळीही दोन. म्हणून पैशांचा गट आणि मराठी गट, दोघांनाही विचारणा जाते. हेही ठीक.

तिसरी रिक्वेस्ट मात्र गडबडीची. परताव्याच्या तक्त्यात नवा रकाना घालायचा म्हणून कुणीतरी `/payments/migrations/` मध्ये एक `.sql` फाइल टाकली. तिला पहिली ओळ लागू पडते, दुसरी पडते आणि चौथीही. चौथी सगळ्यात खाली, त्यामुळे विचारणा एकट्या डेटाबेस गटाला जाते. ते रकान्याचा प्रकार आणि वेग तपासतात आणि मंजुरी देतात. रक्कम रुपयांत धरायची की पैशांत, हे विचारणारा पैशांचा गट चित्रातच नाही. फाइल त्यांच्याच फोल्डरमधली, पण त्यांना पत्ता नाही. कुठेही चूक दिसत नाही, लाल अक्षरं उमटत नाहीत; गिटहबने सांगितलं तेच केलं.

उपाय म्हणजे सर्वसाधारण ओळी वर आणि नेमक्या ओळी खाली ठेवायच्या, आणि जिथे दोन हद्दी एकमेकींत शिरतात त्या जागेसाठी वेगळी ओळ शेवटी लिहायची:

```
/payments/**/*.sql  @bus-app/payments @bus-app/database
```

आता विचारणा दोन्ही गटांना जाईल. पण एका ओळीत दोन नावं असली, तर त्यांतल्या कुणाही एकाची मंजुरी पुरते. डेटाबेसवाल्यांनी आधी होकार दिला, तर पैशांच्या गटाने न वाचताही अट पूर्ण होते. ‘दोघांचीही मंजुरी हवी’ असं गिटहबच्या या फाइलीत लिहिता येत नाही. एकाखाली एक दोन ओळी लिहून पाहाल, तर पुन्हा खालचीच चालेल. गिटलॅबमध्ये अशाच फाइलीत विभाग पाडता येतात आणि दर विभागाची मंजुरी वेगळी मागता येते, पण ती सोय सशुल्क योजनेत आहे. गिटहब वापरणाऱ्या टीमने निदान हे ओळखून असावं की एका ओळीतली दोन नावं म्हणजे दोन कुलपं नव्हेत.

मुळात ही फाइल एकटी काहीच अडवत नाही. ती फक्त विचारणा पाठवते. ज्याला मर्ज करण्याचा अधिकार आहे तो उत्तराची वाट न पाहता मर्ज करू शकतो. अडवायचं असेल तर मुख्य ब्रँचच्या संरक्षणाच्या सेटिंगमध्ये `Require review from Code Owners` ही खूण करावी लागते. बऱ्याच टीम फाइल लिहितात आणि ही खूण विसरतात.

खूण केली की दुसरी अडचण पुढे येते. एखाद्या फोल्डरपुढे एकाच माणसाचं नाव असेल आणि तो रजेवर गेला, तर त्या फोल्डरमधले सगळे बदल अडकून पडतात. त्याने स्वतःच बदल केला तरी तेच, कारण स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः मंजुरी देता येत नाही. म्हणून माणसाऐवजी गटाचं नाव घालणं बरं. पण गट वीसजणांचा असला, की विचारणा वीसजणांना जाते आणि ‘दुसरं कुणीतरी बघेल’ म्हणून कुणीच बघत नाही. यासाठी गिटहबमध्ये गटाच्या सेटिंगमध्ये वाटपाची सोय आहे: गटाला आलेली विचारणा आळीपाळीने, किंवा कुणाकडे किती काम आहे ते पाहून, ठरावीक माणसांना नावानिशी दिली जाते.

आणि मग हळूहळू जुनी होत जाणारी फाइल. जमीन विकून वर्षं झाली तरी सातबारावर जुनंच नाव, तसं इथेही होतं. माणूस टीम सोडून जातो, गटाचं नाव बदलतं, `payments` फोल्डरचं `billing` होतं, आणि फाइल तशीच राहते. नाव अस्तित्वात नसलं, किंवा त्या माणसाला वा गटाला कोडवर लिहिण्याचा अधिकार नसला, तर विचारणा जातच नाही. गटाच्या बाबतीत तर हा अधिकार गटाला स्वतंत्रपणे द्यावा लागतो. त्यातल्या प्रत्येकाकडे तो असला तरी भागत नाही. अशा चुका निदान दिसतात: गिटहबवर `CODEOWNERS` उघडली की त्या ओळी रंगवून दाखवल्या जातात. बदललेल्या फोल्डरचं मात्र तसं नाही. ओळीची मांडणी शुद्ध असते, फक्त ती कुठल्याच फाइलीला लागू पडत नाही. `/Payments/` असं मोठ्या अक्षराने लिहिलं तरी तेच होतं. अशा फाइली पहिल्या, फुलीच्या ओळीकडे जातात आणि मुख्य गटाला अचानक पैशांच्या कामाच्या विचारणा येऊ लागतात. ही खूण ओळखायला शिकावं.

खात्री करून घ्यायची तर पुल रिक्वेस्टच्या पानावर पाहावं. आपोआप गेलेल्या विचारणेच्या नोंदीत नावापुढे `as a code owner` असे शब्द येतात. ते नसले, तर नाव कुणीतरी हाताने घातलेलं आहे. रिक्वेस्ट अजून मसुदा म्हणून ठेवली असेल, तर विचारणा जात नाही. ती तयार म्हणून जाहीर केल्यावर जाते. आणखी एक गोष्ट: गिटहब ही फाइल ज्या ब्रँचमध्ये बदल जाणार आहे तिथली वाचतं, बदल करणाऱ्याच्या प्रतीतली नव्हे. त्यामुळे कुणी आपल्याच रिक्वेस्टमध्ये `CODEOWNERS` मधलं एखादं नाव खोडलं, तरी त्या रिक्वेस्टसाठी जुनीच यादी चालते. आपल्या उदाहरणात ही फाइल `/.github/` फोल्डरमध्ये ठेवली आहे, असं धरलं आहे. शेवटची ओळ त्यासाठीच: यादीत फेरफार करायचा तर तोही कुणीतरी जबाबदार माणसाने वाचावा.

एवढं करूनही या फाइलीला फक्त पत्ता कळतो, मजकूर कळत नाही. तिकिटाच्या पडद्याचा कोड `/web/` मध्ये आहे. तिथे कुणी परताव्याची विनंती दोनदा जाईल असा बदल केला, तर विचारणा मुख्य गटाला जाईल, पैशांच्या गटाला नाही. तिथे बदल करणाऱ्याने स्वतःच ओळखून त्यांचं नाव घालायला हवं. असं हाताने नाव घालणं एखाद्या फोल्डरसाठी वारंवार होऊ लागलं, तर ती नोंद टीमने वाया जाऊ देऊ नये. एक तर तिथे एक ओळ कमी आहे, नाहीतर पैशांचा कोड चुकीच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला आहे. आणि दुसरं खरं असेल, तर नवी ओळ लिहिण्याऐवजी तो कोड हलवणंच बरं.