पट्टे दिव्यातले, इलाज शटरमध्ये

लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला जातो आणि दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, “हे पट्टे कसले?” आवाज स्वच्छ असतो, चेहरे स्पष्ट असतात, पण मागच्या पांढऱ्या भिंतीवरून करडे आडवे पट्टे सरकत असतात. शूटिंग चालू असताना हॉलमध्ये कुणालाच ते दिसलेले नसतात. मग कुणी कॅमेऱ्याला बोल लावतं, कुणी मेमरी कार्डाला. खरं तर दोन्ही धडधाकट असतात. हॉलमधले दिवे सेकंदाला १०० वेळा प्रखर-मंद होत होते आणि कॅमेऱ्याचं शटर त्या लयीशी जुळवलेलं नव्हतं, इतकीच गोष्ट असते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. एका आवर्तनात प्रवाह एकदा या दिशेने आणि एकदा उलट दिशेने जातो. दिव्याला दिशेशी देणंघेणं नसतं. दोन्ही वेळा तो उजळतो आणि मध्ये मंदावतो. म्हणून प्रकाशाचे ठोके सेकंदाला १०० पडतात. एक ठोका १० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. एवढ्या वेगाची उघडझाप डोळ्याला कळत नाही.

सगळे दिवे सारखेच लुकलुकतात असं नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली राहते, त्यामुळे मधल्या क्षणी तिचा उजेड फारसा उतरत नाही. जड, तांब्याच्या वेटोळ्याचा चोक असलेल्या ट्यूबलाइटचा मात्र चांगलाच उतरतो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब सेकंदाला हजारो ठोके देते, तिचा त्रास सहसा होत नाही. एलईडी बल्बचं सगळं त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. ड्रायव्हरमध्ये पुरेसा कपॅसिटर असेल तर उजेड सपाट राहतो. स्वस्त बल्बात नेमकी तिथेच काटकसर केलेली असते, आणि असा बल्ब ट्यूबइतकाच किंवा तिच्याहूनही जास्त लुकलुकतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. रहाटगाडग्याचं गाडगं ठरावीक अंतराने रितं होतं. दोन गाडगी रिती व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ कळशी खाली धरली, तर ती केव्हाही धरा, तिच्यात दोन गाडग्यांचंच पाणी येणार. पण दीडपावणेदोन गाडग्यांचा वेळ धरली, तर कधी दोन गाडगी पदरात पडतील, कधी एकच. शटरचंही असंच आहे. १/५० शटर म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर दोन ठोके. १/१०० म्हणजे बरोबर एक ठोका. या दोन्ही वेगांत शटर कुठल्याही क्षणी उघडलं तरी आत येणारा उजेड सारखाच. १/६० म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे एक आणि दोन तृतीयांश ठोके. इथे शटर केव्हा उघडलं यावर उजेड ठरतो, आणि गडबड सुरू होते.

ती गडबड सबंध चित्राच्या कमीजास्त उजेडाऐवजी पट्ट्यांच्या रूपात दिसते, कारण मोबाइलचा आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ टिपत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. वरची ओळ उघडली तेव्हा दिवा प्रखर होता, जरा खालची उघडली तेव्हा मंदावला होता, आणखी खालची उघडली तेव्हा पुन्हा प्रखर झाला. पट्टे तयार. वरून खालपर्यंत पोचायला सेन्सरला २० मिलिसेकंद लागत असतील, तर चित्रात पट्ट्यांच्या दोन जोड्या दिसतात. ३० लागत असतील तर तीन.

पट्टे किती गडद दिसतील याचा हिशेब करता येतो. दर ठोक्याला पूर्ण विझण्यापर्यंत जाणारा दिवा घेतला, तर १/६० शटरवर उजळ पट्टा गडद पट्ट्याच्या सुमारे १.४ पट उजळ असतो. १/२५० वर हाच फरक सातपटीपर्यंत जातो. १/५० वर तो शून्य असतो.

बहुतेकांची वाट चुकते ती एका लोकप्रिय नियमामुळे. ‘शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा’ असं व्हिडिओ शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. नियम हालचालीपुरता बरोबर आहे. हात हलवताना जो किंचित फराटा उमटतो, तो या वेगाला डोळ्याला स्वाभाविक वाटतो. पण आपल्या मोबाइलवर सहसा सेकंदाला ३० फ्रेम लावलेल्या असतात आणि ३० च्या दुप्पट म्हणजे १/६०. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथे हेच शटर दिव्यांशी चपखल जुळतं. तिथला धडा आपल्या ट्यूबलाइटखाली गिरवला की पट्टे आलेच.

यावर ‘फ्रेम रेट २५ करा’ हा सल्लाही ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. पट्टे घालवतं ते शटर. उरलेले पट्टे पळतात की थांबतात, एवढंच फ्रेम रेट ठरवतो. २५ फ्रेमला दोन फ्रेममधलं अंतर ४० मिलिसेकंद, म्हणजे नेमके चार ठोके. त्यामुळे शटर चुकलेलं असलं तरी पट्टे जवळजवळ जागच्या जागी राहतात. विजेची वारंवारता ५० च्या थोडी खालीवर होते तेवढे सावकाश सरकतात. ३० फ्रेमला हे अंतर तीन पूर्णांक एक तृतीयांश ठोक्यांचं होतं, म्हणून दर फ्रेमला पट्टे उडी मारतात आणि भिंत फडफडल्यासारखी दिसते. उलट ३० फ्रेम ठेवून शटर १/५० केलं, तर पट्टे उरतच नाहीत. २५ फ्रेम आणि १/५० ही जोडी सोयीची एवढ्यासाठी, की दुपटीचा नियमही पाळला जातो आणि दिव्याची लयही सांभाळली जाते. सिनेमासारखं दिसावं म्हणून २४ फ्रेम हव्या असतील, तर १/४८ ऐवजी १/५० लावावं. शटर अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर ते १७२.८ अंश येतं.

एक प्रसंग धरून चालू. मंगल कार्यालयात सकाळी हळद चालू आहे. छतावर जुन्या ट्यूब आहेत, एका बाजूला मोठ्या खिडक्या. मोबाइल ऑटोवर आहे. गाभ्याकडच्या भिंतीवर पट्टे दिसताहेत, खिडकीकडच्या बाजूला जवळपास नाहीत. सूर्यप्रकाश लुकलुकत नाही, त्यामुळे जिथे त्याचा वाटा मोठा तिथे पट्टे फिके पडतात. उजेड भरपूर असताना पट्टे का यावेत, हे कोडं वाटतं. पण पट्टे आले ते त्या उजेडामुळेच. जास्त उजेड आवरायला ऑटोने आयएसओ १०० वर उतरवला, तो आणखी उतरेना म्हणून शटर १/२५० केलं, आणि ठोक्याशी असलेला मेळ तुटला.

आता प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० केलं, तर पट्टे जातात पण उजेड पाचपट होतो आणि नवरीची पिवळी साडी पांढरी पडते. कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र लहान करता येतं. मोबाइलवर सहसा ती सोय नसते. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. शटर १/१०० ठेवावं, म्हणजे उजेड अडीचपटच वाढेल. आणि लेन्सवर उजेड चौथाईवर आणणारा काळसर काचेचा एनडी फिल्टर लावावा. अडीच भागिले चार म्हणजे सुमारे ०.६, ही थोडी तूट आयएसओ १०० वरून १६० करून भरून निघते. फिल्टर नसेल तर खिडक्यांचे पडदे ओढून घेतले तरी काम भागतं. रात्री रिसेप्शनला उजेड कमी झाला की पुन्हा १/५० वर यावं.

आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये व्हिडिओचं शटर हाताने लावता येत नाही. त्यासाठी शटर हाती देणारं वेगळं ॲप घ्यावं लागतं. २५ फ्रेमचा पर्याय मात्र सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली Record Video या पानावर Show PAL Formats चालू केलं की दिसू लागतो.

रिसेप्शनच्या स्टेजवर वेगळीच अडचण उभी राहते. १/५० लावूनही बारीक, दाट पट्टे दिसतात. हे विजेच्या लयीचे नसतात. रंगीत एलईडी पार लाइटचा उजेड कमी करायचा झाला की बऱ्याच दिव्यांत तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पूर्ण बंद-चालू केला जातो; बंद राहण्याचा वेळ वाढवला की दिवा मंद दिसतो. ती लय दिवा बनवणाऱ्याने ठरवलेली असते, तिचा ५० शी संबंध नसतो. इथे लाइटवाल्याला गाठून दिवे पूर्ण क्षमतेवर लावायला सांगावं आणि उजेड कमी हवा असेल तर दिवा लांब न्यायला सांगावं. व्यावसायिक कॅमेऱ्यांत शटर १/५०.३ असं अपूर्णांकात सरकवता येतं. स्क्रीनकडे बघत ते सावकाश फिरवलं की एका जागी पट्टे विरतात. जनरेटर किंवा साधा इन्व्हर्टर चालू झाल्यावर वारंवारता ५० वरून हलली असेल, तेव्हाही हाच उपाय.

कुठला दिवा कसा आहे, हे आधी पाहून ठेवता येतं. कार्यक्रमाआधी शटर मुद्दाम १/१००० करा आणि त्या दिव्याने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा धरा. पट्टे दिसले नाहीत तर दिवा निर्धोक. रुंद पट्टे दिसले आणि १/५० वर नाहीसे झाले, तर ती ट्यूब किंवा स्वस्त बल्ब. बारीक पट्टे १/५० वरही उरले, तर दोष डिमरचा. हॉलमधला प्रत्येक दिवा वेगळा लावून बघावा, कारण सगळे एकदम लावले की चांगल्या दिव्यांच्या उजेडात वाईट दिवा लपतो.

स्लो मोशनला मर्यादा आहे. सेकंदाला १२० फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमला १/१२० पेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही, म्हणजे पूर्ण ठोका कधीच पदरात पडत नाही. असं चित्रण ३० फ्रेमच्या गतीने दाखवलं की उजेड सेकंदाला पाच वेळा धडधडतो. कॅमेऱ्यात १०० फ्रेमचा पर्याय असेल आणि शटर १/१०० राहत असेल तर काम जमतं. नाहीतर तो शॉट अंगणात, दिवसाउजेडी घ्यावा.

अमेरिकेतल्या मुलीकडे गेलात तर हिशेब बदलतो: तिथे १/६० किंवा १/१२०. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत, टोकियोला ५० हर्ट्झ आणि ओसाकाला ६०.

झालेलं चित्रण सुधारणारी साधनं एडिटिंगमध्ये असतात. ती शेजारच्या फ्रेम ताडून उजेड सारखा करतात. कॅमेरा स्थिर असेल आणि पट्टे फिके असतील तर निकाल बरा येतो. पण कॅमेरा फिरत असेल, माणसं नाचत असतील, तर शेजारच्या फ्रेममध्ये तीच भिंत त्याच जागी नसते, आणि दुरुस्तीच्या नादात चेहरे धूसर होतात. आणि गडद पट्ट्याखाली उजेड फारच कमी पडला असेल, तर तिथला तपशील टिपलाच गेलेला नसतो. तो नंतर कुठून आणणार?